१५ किलो की १५ लिटर

हॉटेलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर निवडून आणि बसवून देणं हे माझं काम. नवीन मालक भेटले की बहुतेक आधी किंमत विचारतात. मी त्यांना विचारतो, ‘तुमच्याकडे रस्सा परत मागितला तर पैसे लावता का?’ सोलापुरातल्या मटणाच्या जेवणालयात याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. भाकरी मोजून, सुक्कं मोजून, रस्सा मात्र हवा तेवढा. शिवाय शेंगाची चटणी टेबलावर फुकट, आणि तीच गल्ल्यावर पाकिटात विकायला. या दोन गोष्टींवर भलीभली सॉफ्टवेअरं अडतात. आपलं हॉटेल नेमकं कशावर अडणार हे कळलं की निवडीचं निम्मं काम होतं.

मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर एका गृहीतावर चालतं: एक प्लेट विकली की ठरवून दिलेला माल साठ्यातून वजा करायचा. यालाच रेसिपी म्हणतात. ऑम्लेटला हे चालतं, दोन अंडी म्हणजे दोन अंडी. रश्श्याला चालत नाही, कारण एक गिऱ्हाईक एक वाटी घेतं, दुसरं चार. म्हणून आमच्याकडच्या हॉटेलाला अशी सोय लागते की आधी वाटणाची रेसिपी, मग त्या वाटणातून पातेल्याची रेसिपी. सकाळी कांदा, सुकं खोबरं, तिखट, तेल घेऊन सहा किलो काळं वाटण केलं की कच्चा माल साठ्यातून वजा आणि ‘काळं वाटण’ नावाचा सहा किलो माल जमा. रश्श्याचं पातेलं चढलं की त्यातून दीड किलो वजा. थाळ्या किती गेल्या हे बिलं सांगतात, पातेली किती चढली हे स्वयंपाकघर सांगतं, आणि दोन्हींचा ताळा रात्री बसतो. चटणीचंही तसंच. कुटलेली चटणी हा एक माल, त्यातून पाकिटं भरली की तो कमी होऊन पाकिटं वाढतात, आणि टेबलावर गेलेली चटणी ‘वापर’ म्हणून वेगळी दिसते. विक्रेता नमुना दाखवायला आला की त्याच्याकडून पिझ्झा-बर्गरचा नमुना बघू नका. आपल्या वाटणाची नोंद त्याच्याच हातून करून घ्या. त्याला ती जमली नाही, तर पुढे आपल्या पोरांनाही जमणार नाही.

आता तेल. होटगी रस्त्यावरच्या एका जेवणालयात दर महिन्याला तेलाची तूट दिसायची. महिन्याला दहा डबे यायचे आणि सॉफ्टवेअर म्हणायचं, अजून साडेतेरा किलो तेल शिल्लक असायला हवं. कोठीत डबे रिकामे. मालकांचा संशय आचाऱ्यावर गेला होता. अण्णा जुने, हाताला चव असलेले, आणि त्यांना नुसतं कळलं असतं तरी ते दुसऱ्या दिवशी आले नसते. मी कोठीत जाऊन रिकामा डबा उचलून बघितला. त्यावर १५ लिटर छापलेलं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘१ डबा = १५ किलो’ अशी नोंद, आणि रेसिप्या ग्रॅममध्ये, कारण आचाऱ्यासमोर काटा ठेवून तेल तोलूनच त्या लिहिल्या होत्या. खायचं तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३.६५ किलो. दहा डब्यांत आले १३६.५ किलो, पुस्तकात जमा झाले १५०. साडेतेरा किलोचा फरक सगळा तिथला. चोरी झालेलीच नव्हती.

अशी चूक ओळखायची एक खूण आहे. खऱ्या चोरीची किंवा नासाडीची तूट कधी दोन टक्के, कधी बारा टक्के असते, यात्रेच्या गर्दीत वाढते, आचारी सुट्टीवर असला की बदलते. एककाच्या चुकीची तूट खरेदीच्या त्याच टक्क्यावर ठाण मांडून बसते. इथे ती दर महिन्याला नऊ टक्के होती. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना बघा की एका मालाला दोन एककं देता येतात का, खरेदी डब्यात आणि वापर ग्रॅममध्ये, आणि त्यांच्यामधला गुणक आपल्याला स्वतः टाकता येतो का. दुकानदार बदलला आणि १५ लिटरऐवजी १५ किलोचा डबा येऊ लागला, तर तो वेगळा माल म्हणून नोंदवायचा.

मालाच्या दरातही एक खाच आहे, आणि ती दुकानांसाठी बनवलेल्या सर्वसाधारण बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नेहमी सापडते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलातल्या जेवणावर पाच टक्के जीएसटी आहे आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दुकानदाराला ती मिळते, म्हणून त्याच्यासाठी केलेलं सॉफ्टवेअर खरेदीच्या बिलातला कर बाजूला काढतं आणि माल करापूर्वीच्या दराने साठ्यात घेतं. हॉटेलवाल्याचा तो कर खर्चच असतो. दोन हजारांचा तेलाचा डबा पाच टक्के करासह २,१०० रुपयांना पडला, तर साठ्यातही तो २,१०० लाच बसायला हवा. व्यावसायिक गॅसवर तर अठरा टक्के कर आहे. हे चुकलं की थाळीचा खर्च कागदावर स्वस्त दिसतो आणि मालक दर वाढवायला उशीर करतात. कंपोझिशनमध्ये असलेल्यांनी आणखी एक बघावं: त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, म्हणून बिलावर कराची ओळच येता कामा नये आणि वरचं शीर्षक ‘बिल ऑफ सप्लाय’ असायला हवं.

बाकीच्या सोयी मी झटपट तपासतो. इंटरनेट काढून ठेवतो आणि बिल निघतं का बघतो. केओटी स्वयंपाकघरात गेल्यानंतर पदार्थ रद्द केला, तर कुणी, किती वाजता आणि का रद्द केला याची नोंद राहते का, ती मालकाला पुसता येते का, हे बघतो. पुसता येत असेल तर ते सॉफ्टवेअर नको. केओटी मराठीत छापून घेतो. साध्या थर्मल प्रिंटरला देवनागरी अक्षरं ठाऊक नसतात, सॉफ्टवेअर ती चित्र म्हणून पाठवतं, आणि काही ठिकाणी एकेक केओटी इतकी रेंगाळते की रविवारी दुपारी स्वयंपाकघर खोळंबतं. आणि शेवटी विचारतो, वर्गणी संपल्यावर जुनी बिलं दिसतील का, आणि सगळा डेटा कंपनीला फोन न करता फाइलमध्ये काढता येईल का.

कारण खरी कसोटी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना लागते. होटगी रस्त्याच्याच हॉटेलात जुनं सॉफ्टवेअर होतं. त्यातून पदार्थांची यादी काढली तर मटणाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बिघडलेलं काही नव्हतं. शिवाजी किंवा कृती देवसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षराच्या पोटात इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. फाँट काढला की ते उघडं पडतं. अशी नावं युनिकोडमध्ये बदलून मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. पदार्थ शंभराच्या आत असतील तर नावं हाताने पुन्हा टाइप करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. नावं युनिकोडमध्ये असली, तरी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडू नका. Data मधून From Text/CSV घ्या, `65001: Unicode (UTF-8)` निवडा, Transform Data उघडा आणि कोडच्या व प्लेटच्या रकान्यांना Text हा प्रकार द्या. नाहीतर 007 हा कोड 7 होतो, आणि हाफ प्लेटसाठी लिहिलेलं 1/2 एक फेब्रुवारी होऊन बसतं. त्या हॉटेलात हाफ प्लेटचे सगळे पदार्थ असेच तारखा झाले होते.

दराच्या रकान्यात एक खूण फार महत्त्वाची असते: दर करासह की कर वगळून. मेन्यूवर थाळी २५० रुपये, करासह. त्यात जेवणाचे २३८.१० आणि कर ११.९०. हाच २५० नव्या सॉफ्टवेअरने कर वगळून धरला, तर गिऱ्हाइकाच्या हातात २६२.५० चं बिल जातं आणि गल्ल्यावर वाद होतो. उलट झालं, तर प्रत्येक थाळीमागे जवळपास बारा रुपये आपल्या खिशातून जातात आणि कुणी तक्रारही करत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जुनी पाच-सहा बिलं नव्यात पुन्हा करून पैशापर्यंत जुळवायची.

उधारीची आणि मेसची खाती हलवताना चिन्ह तपासा. मेसवाला पोरगा महिन्याचे पैसे आगाऊ भरतो, ऑफिसवाले महिनाअखेर देतात. एका सॉफ्टवेअरला येणं अधिक, दुसऱ्याला वजा. फाइल तशीच चढवली की आगाऊ भरलेल्या पोराला थकबाकीचा मेसेज जातो. स्विगी-झोमॅटोची विक्री वेगळ्या नावाखाली ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून त्यांच्यावरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी त्या कंपन्याच भरतात. ती विक्री टेबलाच्या विक्रीत मिसळली, तर तोच कर आपल्यालाही दिसू लागतो. साठा मात्र फाइलीतून आणूच नका. जुन्या पुस्तकातली तूट नव्यात कशाला न्यायची? ३१ मार्चच्या रात्री कोठी उघडून माल प्रत्यक्ष तोलून घ्या आणि तोच आरंभीचा साठा लिहा.

तारीख १ एप्रिलचीच धरा, म्हणजे बिलांचे क्रमांकही नव्याने सुरू होतात. वर्षाच्या मध्ये बदलावंच लागलं, तर क्रमांकाआधी नवं अक्षर लावा, कारण एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा येऊन चालत नाही आणि अक्षरं-आकडे मिळून तो सोळाच्या पुढे जाऊ शकत नाही. मागची सगळी बिलं नव्यात ओतायचा हट्ट मात्र सोडा. त्यात पैसे जातात आणि आकडे जुळत नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरमधून बिलवार आणि पदार्थवार विक्रीचा अहवाल पीडीएफ व एक्सेल दोन्हींत काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि ते उघडून वाचता येतात हे बघितल्याशिवाय जुना संगणक भंगारात देऊ नका. जीएसटीच्या नियमाने हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्या विवरणाची तारीख ३१ डिसेंबर धरली, तर २०२५-२६ ची बिलं ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत मागितली जाऊ शकतात.