गुण, क्रम आणि विजेती जोडी

'नच बलिये'चे पहिले पर्व (स्टार वन, २००५-०६) सचिन आणि सुप्रिया पिळगावकर यांनी जिंकले. भोरच्या आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या खोलीत त्या विजयाचा काथ्याकूट अजूनही अधूनमधून होतो. एका पक्षाच्या मते मराठी घरांतून मोबाईलवरून गेलेल्या मतांनी त्यांना तारले. दुसऱ्याच्या मते सरोज खान, मलायका अरोरा आणि फरहान अख्तर या परीक्षकांचे गुणच निर्णायक होते. दोन्ही पक्ष नृत्याविषयी बोलतात. स्पर्धेच्या नियमाविषयी मात्र कोणीच बोलत नाही, आणि जिंकणे म्हणजे काय हे तर नियमच ठरवतो.

परीक्षकाचा 'आठ' हा काही मोजपट्टीवरचा आठ नव्हे. पहिल्या आठवड्यात सहा मिळाले तर जोडी खूश असते. अंतिम फेरीच्या सुमारास नऊ मिळाले तरी चेहरे पडतात. दुबळ्या जोड्या गळत जातात, उरलेल्यांचा सराव वाढतो, आणि परीक्षकांचा हातही सैल होतो. (उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा तपासलेल्यांना हे सांगायला नको.) म्हणून साऱ्या पर्वाच्या गुणांची बेरीज करून 'खरी विजेती जोडी' शोधणे, किंवा एका पर्वातील नऊ दुसऱ्या पर्वातील नऊशी ताडून पाहणे, हे दोन्ही उद्योग फोल आहेत.

खरी अडचण पुढे येते. परीक्षकांचे गुण दहा-वीसांत आणि प्रेक्षकांची मते हजारो-लाखांत. त्यांची सरळ बेरीज करता येत नाही. बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'ने (आपल्याकडची 'झलक दिखला जा' याच कुळातली) त्यावर तोड काढली, ती क्रमांकांची. तीन जोड्या असतील तर परीक्षकांच्या यादीत पहिलीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक. प्रेक्षकांच्या यादीतही तसेच. मग दोहोंची बेरीज. पहिली आणि दुसरी यांच्यात एका गुणाचे अंतर असो की दहांचे, क्रमांकात ते सारखेच दिसते.

डिसेंबर २००८ च्या उपान्त्य फेरीत या तोडीची अनपेक्षित बाजू उघडी पडली. रेचेल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांच्या जोड्यांना परीक्षकांचे समान गुण पडले. दोघींनाही तीन-तीन, आणि टॉम चेंबर्सच्या जोडीला एक. आता समजा, प्रेक्षकांनी टॉमला सर्वाधिक मते दिली. त्याचे एक अधिक तीन, म्हणजे चार. उरलेल्या दोघींपैकी एकीचे तीन अधिक दोन, म्हणजे पाच; दुसरीचे तीन अधिक एक, म्हणजे चार. तळाच्या दोन जोड्यांना पुन्हा नाचावे लागे आणि त्यातून कोणाला काढायचे हे परीक्षक ठरवत. म्हणजे प्रेक्षकांनी टॉमला कितीही मते दिली असती, तरी तो तळातून वर येणेच शक्य नव्हते, आणि लोक तर पैसे मोजून मते देत होते. शेवटी कोणालाच बाहेर काढले नाही. त्या रात्रीची मते धरून तिघांनाही अंतिम फेरीत नेले. तिथे प्रेक्षकांच्या मतांवर टॉम चेंबर्स आणि कॅमिला डॅलरप हीच जोडी जिंकली! समान गुणांनंतरच्या जोडीला एकाऐवजी दोन द्यायचे एवढेच नियमात असते, तर टॉमचे पाच झाले असते आणि सुटकेची वाट मोकळी राहिली असती.

आमच्या स्नेहसंमेलनातील युगुलनृत्याच्या स्पर्धेत गुंता याच्या उलट झाला, तोही नुसत्या बेरजेमुळे. परीक्षक तीन. वेल्ह्याकडून एसटीने येऊन सराव करणाऱ्या जोडीला ८, ८ आणि ५; भोरच्याच एका जोडीला ७, ७ आणि ९. एकूण २१ विरुद्ध २३. तिघांपैकी दोघांनी वेल्ह्याची जोडी सरस मानली होती, पण तिसऱ्याच्या चार गुणांच्या फरकाने त्या दोघांचे मत पुसले गेले. क्रमांक मांडले असते तर वेल्ह्याच्या जोडीचे १, १, २ मिळून चार, भोरकरांचे २, २, १ मिळून पाच. आणि कमी बेरजेची जोडी विजेती. परंतु छापील नियम एकूण गुणांचा होता, सबब चषक भोरकरांनाच गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. निकाल लागल्यावर नियम बदलणे हे वाईट नियमापेक्षाही वाईट.

वेल्ह्याच्या मुलीने गुणपत्रक मागितले, तेव्हा मी ते तिच्यासमोर ठेवले. तिने आडवी बेरीज केली, मग उभे रकाने पाहिले आणि विचारले, "सर, मग दोघांना आम्हीच आवडलो होतो ना?" मी हो म्हटले. पुढल्या वर्षीच्या गुणपत्रकात गुणांशेजारी क्रमांकाचा रकाना आला, आणि बरोबरी झाल्यास काय करायचे याची एक ओळ स्पर्धेआधीच सूचनाफलकावर लागली.