ताटाचा दर आणि ताटांची हमी




मुलीच्या विवाहासाठी पाहिलेल्या पुण्यातील दोन मंगल कार्यालयांपैकी पहिल्याचा ताटामागे दर 520 रुपये आणि दुसऱ्याचा 640 रुपये असल्यामुळे पहिले स्वस्त, असा जो समज घरात झालेला दिसतो, तो दराखालची ओळ न वाचल्याने झालेला आहे. पहिल्याने किमान 500 ताटांची हमी मागितली आहे, तर दुसऱ्याने 300 ची. किमान हमी म्हणजे प्रत्यक्ष जेवणारे कितीही कमी असले तरी जेवढ्या ताटांचे पैसे यजमानाला द्यावेच लागतात ती संख्या. आणि कोटेशनमधील दर कितीही ठळक छापलेला असला, तरी खर्चाचा कल बहुतेक वेळा ही संख्याच ठरवते.

समजा प्रत्यक्षात 380 माणसे जेवली, तर पहिल्या कार्यालयाचे जेवणाचे बिल 500 ताटांचेच, म्हणजे 2,60,000 रुपये होईल आणि जेवलेल्या प्रत्येक माणसामागे तो दर 684 रुपयांच्या घरात जाईल. दुसऱ्याचे बिल मात्र 380 ताटांचे, म्हणजे 2,43,200 रुपये होईल. पाहुणे 406 च्या पुढे गेले तरच पहिले स्वस्त ठरते, आणि पूर्ण 500 आले तर ते तब्बल 60,000 रुपयांनी स्वस्त पडते. न जेवलेल्या 120 ताटांचे अन्न यजमानाला मिळते, असे समजणेही भाबडेपणाचे आहे, कारण अनुभवी आचारी हमीच्या आकड्यावर नव्हे तर स्वतःच्या अंदाजावर शिधा काढतो.

म्हणून खरा प्रश्न किती माणसे जेवतील हा आहे, आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ बोलावण्याच्या आपल्या रीतीत त्याचे उत्तर पत्रिकांच्या संख्येवरून मिळत नाही. दाट तिथीला एकाच दिवशी दोन-तीन लग्ने असलेली मंडळी एका ठिकाणी अक्षता टाकून दुसरीकडे जेवतात. कामाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त असला की नोकरदार मंडळी संध्याकाळच्या स्वागतसमारंभाची वाट पाहतात, आणि तो नसला तर येतच नाहीत. त्यामुळे घरोघरच्या नावांची यादी करून ‘नक्की येणारे’ आणि ‘आले तर आले’ असे दोन भाग पाडावेत, आणि हमी पहिल्या भागाच्या आकड्याएवढीच द्यावी. वाढीव ताटे त्याच दराने मिळतील हे कार्यालयाकडून लिहून घेतले, की कमी हमी देण्यात फारसा धोका उरत नाही.

वरचा हिशेब अर्थात अपुरा आहे, कारण दुसऱ्याच्या 640 रुपयांत सकाळचा नाश्ता, जनरेटर आणि साफसफाई धरलेली आहे, तर पहिल्याकडे ती वेगळी लावलेली आहे. दीडशे माणसांचा नाश्ता 90 रुपयांप्रमाणे 13,500 आणि बाकीचे 9,500 मिळून 23,000 रुपये पहिल्याच्या बिलात वाढले, की ते स्वस्त ठरण्याची सीमारेषा 406 वरून 442 पाहुण्यांवर जाते. याशिवाय सभागृहाचे भाडे दोघांचेही 60,000 असले, तरी पहिल्याने ते स्वतंत्र बिलात दाखवले असून स्वतंत्र भाड्यावर जीएसटी 18 टक्के लागतो. जागा आणि जेवण एकाच पुरवठादाराने एकत्र दिले आणि ते ठिकाण महागड्या खोल्यांचे हॉटेल नसले, तर एकूण रकमेवर 5 टक्के लागतो. यासाठी कोणताही आकडा करासहित विचारावा. बाहेरचा डेकोरेटर आणल्यास कार्यालय जी ‘रॉयल्टी’ घेते तिची रक्कम, आणि ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक तासाचा आकार, या दोन्ही गोष्टी कोटेशनमध्ये सहसा नसतात आणि बिलात हमखास असतात.

ताटे मोजण्याच्या पद्धतीबद्दल मात्र आधीच बोलून ठेवलेले बरे. बुफेत मोजणी माणसांची नव्हे, वापरलेल्या थाळ्यांची होते. जेवण सुरू होण्यापूर्वी मांडलेल्या थाळ्या मोजायच्या आणि शेवटी उरलेल्या वजा करायच्या, एवढाच तो हिशेब असल्याने, एकाच पाहुण्याने गोडासाठी नवी थाळी उचलली की तीही बिलात येते. लहान मुलांचे अर्धे ताट धरायचे की पूर्ण, फोटोग्राफर, वाजंत्री आणि गाड्यांचे चालक कोणाच्या खात्यात, हे लिहून ठेवावे, आणि दोन्ही मोजण्यांच्या वेळी घरचा एक माणूस कागद-पेन घेऊन थाळ्यांपाशी उभा असावा. लग्नघरात हे काम कोणालाच नको असते, म्हणून ते एखाद्या काटेकोर भाच्याकडे आजच सोपवलेले बरे. वीज मीटरनुसार असल्यास सभागृह ताब्यात घेताना आणि सोडताना मीटरचा फोटोही त्यानेच काढावा.