वायरीला नंबर, वायरीला जागा

सावेडीतल्या आमच्या छोट्या करसल्लागार कार्यालयात मी ही नोटीस लावली: 'टेबलाखालची नेटची वायर, म्हणजे पॅच कॉर्ड, कोणीही दुसऱ्या टेबलावर नेऊ नये. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लेबल लावून घ्यावे. नेट संथ वाटल्यास वायर बदलू नये, मला सांगावे.' वाचून एकाने विचारलं, "मॅडम, शंभर-दीडशे रुपयांच्या वायरीसाठी नोटीस?" प्रश्न रास्त आहे. पण मला काळजी वायरीच्या किमतीची नव्हती. एकच खराब वायर ऑफिसभर हिंडत होती आणि प्रत्येक टेबलावर वेगळा आजार दाखवत होती.

झालं असं की जुलैच्या रिटर्नच्या गर्दीत एका टेबलावर टॅली अडखळू लागली. तिथल्या मुलाने शेजारच्या रिकाम्या टेबलाची वायर आणून लावली, काम सुरळीत झालं, आणि आपली वायर त्याने तिकडे खोचून दिली. दोन दिवसांनी त्या टेबलावर बसणाऱ्या ताई म्हणाल्या की नेट सारखं जातं-येतं. त्यांनी ती वायर प्रिंटरच्या वायरीशी बदलली. प्रिंटर अगदी ठणठणीत चालला, त्यांचंही काम भागलं. सगळ्यांच्या मते वायरी चांगल्या होत्या, दोष कॉम्प्युटरांचा होता. पुढे प्रिंटरची जागा हलवताना लांब वायर लागली, तेव्हा ही मोकळी झालेली वायर पुन्हा एका कॉम्प्युटरला लागली आणि तक्रार परत सुरू झाली.

याचं कारण वायरीच्या आतच आहे. पॅच कॉर्डमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला मात्र चारही लागतात. आमच्या वायरीत ४-५ वरच्या निळ्या जोडीची एक तार प्लगाजवळ तुटली होती, बहुधा खुर्चीच्या चाकाखाली येऊन. आमचा प्रिंटर मुळात १०० चाच, त्याला त्या जोडीची गरजच पडत नाही. पहिला कॉम्प्युटर गिगाबिट जमेना म्हणून मुकाट्याने १०० वर उतरला, त्यामुळे संथ वाटला. दुसऱ्याचं कार्ड पुन्हा पुन्हा गिगाबिटचाच प्रयत्न करत राहिलं, म्हणून तिथे नेट जात-येत होतं.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये `Link speed (Receive/Transmit)` ही ओळ पाहावी. कार्ड आणि नेटवर्क स्विच दोन्ही गिगाबिटचे असून तिथे 100/100 दिसलं, तर आधी वायरीवर संशय घ्यावा. दोन जीबीचा बॅकअप सर्व्हरवर टाकायला तिथे तीन मिनिटांच्या आसपास लागतात. चांगल्या वायरीवर, डिस्कने साथ दिली तर, वीसेक सेकंद. मग साधा टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीने लागतात, आणि आमच्या वायरीवर चौथा लागलाच नाही. टेस्टरची एक मर्यादा मात्र आहे. वाकवल्यावरच सुटणारी तार सरळ ठेवलेल्या वायरीत तो पकडत नाही, म्हणून तपासताना प्लगाजवळ वायर हलवून बघावी लागते.

वायर बदलून पाहणं ही तपासणीची चुकीची पद्धत नाही, तंत्रज्ञही तेच करतो. फरक इतकाच की तो खात्रीची चांगली वायर आणतो, संशयित वायर बाजूला काढतो आणि तिला परत कुठेही लावत नाही. आमच्याकडे ती शेजाऱ्याकडे जात होती, आणि नंबर नसल्याने पुढच्या तक्रारीच्या वेळी 'ही तीच का?' हे सांगता येत नव्हतं.

लेबलवर माणसाचं नाव लिहायचं नाही, हे मी ठाम ठरवलं. माणसं टेबलं बदलतात. भिंतीतल्या पॉइंटला जागेचा नंबर, जसा 'टे-४'. वायरीला तिचा स्वतःचा, जसा 'वा-११', जो तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहील. दोन्ही टोकांना तोच नंबर, प्लगापासून दोन-तीन बोटं मागे, म्हणजे प्लग काढताना चुरगळत नाही. साध्या कागदावर सेलोटेप गुंडाळलेली लेबलं नगरच्या एप्रिल-मेमध्ये चिकटा सोडतात, म्हणून लेबल प्रिंटरची प्लास्टिक टेप आणली आणि ती वायरीला गुंडाळून तिचीच दोन टोकं झेंड्यासारखी एकमेकांना चिकटवली. वहीत एका वायरीला एक ओळ: नंबर, लांबी, टेबल, स्विचवरचा पोर्ट आणि तारीख.

लेबल लावताना आणखी एक गोष्ट सापडली. एका वायरीची दोन्ही टोकं हाती आली ती एकाच टेबलाखाली, आणि त्यातलं मोकळं टोक भिंतीतल्या शेजारच्या पॉइंटमध्ये खोचायच्या बेतात कोणीतरी सोडलेलं होतं. ते खोचलं असतं तर नेटवर्कचं वेटोळं झालं असतं, आणि आमच्या स्वस्तातल्या स्विचमध्ये असं वेटोळं ओळखून थांबवायची सोय नाही. तेच ते संदेश फिरत राहतात आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. ती वायर काढून घेतली आणि नोटिशीत चौथी ओळ जोडली: 'कोणत्याही वायरीची दोन्ही टोकं भिंतीत लावू नयेत.'