सवालापासून जवाबापर्यंत

शब्दांची शिडी हा खेळ ॲलिसच्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरोलने 1877 च्या नाताळात शोधला. 1879 मध्ये तो लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात 'डबलेट्स' या नावाने छापून येऊ लागला. नियम सोपा आहे. दोन शब्द दिलेले असतात. दर पायरीला एकच अक्षर बदलायचे आणि मधला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. ज्याची शिडी सर्वात लहान, तो जिंकला.

मला हा खेळ मराठीत खेळायला आवडतो. 'सवाल'पासून 'जवाब'पर्यंत जायचे आहे असे धरू. आपल्याजवळ एवढेच शब्द आहेत: सवाल, सवाई, सवार, हवाई, नवाई, नवाब, जवान, जवाब. दोन्ही टोकांना मधला 'वा' सारखाच आहे, पहिले आणि शेवटचे अक्षर मात्र वेगळे. म्हणजे दोन पायऱ्यांपेक्षा कमीत हे होणारच नाही. पण दोन पायऱ्यांत होईलच असेही नाही.

पहिली पद्धत म्हणजे दिसेल त्या वाटेने पुढे जात राहायचे आणि वाट संपली की मागे फिरायचे. तसे गेलो तर सवाल, सवार, सवाई, हवाई, नवाई, नवाब, जवाब अशी सहा पायऱ्यांची शिडी मिळू शकते. ती चुकीची नाही, पण यापेक्षा लहान शिडी आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

दुसरी पद्धत संगणकवाले वापरतात. त्यात एका वाटेने धावायचे नाही, सगळ्या वाटांनी एकेक पाऊल टाकायचे. रेशनच्या दुकानासारखी रांग लावायची: आधी आला त्याचा नंबर आधी. रांगेत पहिला उभा 'सवाल'. त्याचा नंबर आला की एका अक्षराच्या फरकाचे त्याचे शेजारी, सवाई आणि सवार, रांगेच्या शेवटी उभे करायचे. ही पहिली पायरी. मग सवाईचा नंबर. तिचे नवे शेजारी हवाई आणि नवाई. सवारही शेजारी आहे, पण तो आधीच रांगेत आलेला, म्हणून त्याला पुन्हा घ्यायचे नाही. ही खूण ठेवली नाही तर सवाल आणि सवार एकमेकांना बोलावत राहतील आणि रांग कधी संपणार नाही. सवारकडे नवे कोणी नाही, हवाईकडेही नाही. तिसऱ्या पायरीवर नवाईकडून नवाब आणि चौथ्या पायरीवर नवाबकडून जवाब मिळाला.

कोणाला कोणी रांगेत आणले हे लिहून ठेवले असेल तर उलट चालत शिडी हाती येते: सवाल, सवाई, नवाई, नवाब, जवाब. यापेक्षा लहान शिडी असूच शकत नाही, कारण तीन पायऱ्यांत पोहोचता येणारे सगळे शब्द आपण आधीच पाहिले आणि त्यांत 'जवाब' नव्हता. जवाब न सापडताच रांग संपली असती, तर शिडीच नाही हेही तितक्याच खात्रीने कळले असते.

मराठीत एक अडचण मात्र येते. संगणक काना-मात्रा वेगळ्या चिन्हांत साठवतो. 'काळ' म्हणजे त्याच्यासाठी क, काना, ळ. 'कमळ' म्हणजे क, म, ळ. दोन्हीकडे तीन चिन्हे आणि फरक एकाच जागी, म्हणून तो यांना शेजारी मानतो. उलट 'मन' आणि 'मान' यांना तो शेजारी मानत नाही, कारण चिन्हांची संख्या वेगळी. शिडीत मध्येच दोन अक्षरी शब्दाचा तीन अक्षरी झाला, तर हीच गडबड आहे असे समजावे. उपाय एवढाच की आधी शब्द अक्षरांत तोडायचा, का, ळ असा, आणि मग तुलना करायची.

आता यादीत एकच शब्द वाढवू: सवाब. पुण्य या अर्थाने तो आमच्या घरांत रोज बोलला जातो. तहानलेल्याला पाणी दिले तरी आजी म्हणते, सवाब मिळेल. पुन्हा रांग लावली तर पहिल्याच पायरीवर सवाई आणि सवारबरोबर सवाब उभा राहतो, आणि दुसऱ्या पायरीवर त्याचा शेजारी जवाब. शिडी चारवरून दोनवर आली: सवाल, सवाब, जवाब.

रांग दोन्ही वेळा बरोबरच होती. तिने दिलेले 'सर्वात लहान' हे उत्तर फक्त त्या यादीपुरते खरे असते. म्हणून कोणी असे उत्तर दाखवले की मी आधी शब्दांची यादी मागतो आणि तिच्यात कोणाच्या घरातले शब्द आहेत ते बघतो.