दोन रवे, एक शिरा

बंगळुरूला आल्यावर सत्यनारायणाच्या आठवणीने एका रविवारी शिरा करायला घेतला. आदल्या दिवशी गांधी बाजारात जाऊन 'बारीक रवा' मागितला होता. मिळाला तो चिरोटी रवा, जवळजवळ मैद्यासारखा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक वाटी रवा तीन चमचे तुपात पाचेक मिनिटं परतला आणि त्यात अडीच वाट्या कोमट दूध ओतलं. क्षणात वाटाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या. कालथ्याने कितीही दाबल्या तरी मोडेनात. शेवटी एक गुठळी हातात घेऊन फोडली, तर आत कोरडा, पांढरा रवा तसाच होता. माझं ढवळणं कमी पडलं असं मी समजत होतो, पण बिघाड त्याआधीच झाला होता.

वरच्या मजल्यावरच्या आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चिरोटी रवा पुरीला, चिरोटीला. केसरीभातला बॉम्बे रवा आणायचा." मुंबईच्या नावाचा रवा मला बंगळुरूत येऊन कळला! त्याचा दाणा जरा जाड असतो. बारीक रव्याला ओल लागताच बाहेरचा थर फुगून चिकटतो आणि आतल्यापर्यंत पाणी पोचतच नाही.

दुसऱ्या वेळी आईला फोन लावून ठेवला. "अरे, तुपात हात आखडू नकोस, दाण्यादाण्याला तूप लागलं पाहिजे," ती म्हणाली. म्हणून वाटीभर रव्याला पाऊण वाटी साजूक तूप घेतलं. गॅस मंद. सुरुवातीला रवा ओल्या वाळूसारखा जड लागतो, कालथा ओढावा लागतो. दहा-बारा मिनिटांनी तो हलका झाला, फुलला, कडेने तूप दिसू लागलं आणि खमंग वास सुटला. रंग मात्र जेमतेम गुलाबीसर. रंगाची वाट बघत बसलो असतो तर करपला असता.

शेजारच्या शेगडीवर दूध-पाणी मिळून अडीच वाट्या खळखळून उकळत होतं. ते कढईच्या कडेने, एका हाताने ढवळत ओतलं. चांगलंच तडतडतं, तेव्हा तोंड लांब ठेवावं. एकही गुठळी झाली नाही. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढली.

साखर मी आधीच घालणार होतो. आईने थांबवलं. साखर स्वतःच पाणी ओढून घेते, मग दाणा कचकचीत राहतो. रवा बोटांनी दाबला, मऊ शिजलेला लागला, तेव्हाच पाऊण वाटी साखर घातली. शिरा एकदम पातळ झाला आणि माझा धीर सुटला. "परतत राहा," आई म्हणाली. तीन-चार मिनिटांत तो आळला, कढई सोडू लागला, कडेला तूप पुन्हा दिसलं.

वेलची घालून गॅस बंद केला आणि पहिली वाटी वरच्या मजल्यावर नेली. आंटींनी चमचा घेतला आणि विचारलं, "केशर नाही घातलं?"