धनुर्वात होऊन गेला, तरी सुई का?

‘धनुर्वातातून वाचलो, आता कशाला सुई?’ असं आमचे चाचा विचारतात. जंतू वाढतो खोल, मातकट जखमेत, जिथे हवा पोचत नाही. त्याचं विष मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूंना आवरणारा निरोपच अडवतं. बहुधा आधी जबडा आवळतो, मग पाठ धनुष्यासारखी ताणते. हे विष इतकं जहाल, की जीव घेणारी मात्राही प्रतिकारशक्तीला जागं करायला अपुरी पडते. म्हणून बरं झालेल्यालाही लस हवी. तिचा असरही ओसरतो, त्यामुळे दर 10 वर्षांनी डोस. खिळा रुतला तर जखम साबणपाण्याने धुवावी, राख भरू नये, आतली घाण डॉक्टरांकडून काढून घ्यावी. शेवटच्या डोसला 5 वर्षं झाली असतील, तर चाचा, सुई लगेच घ्या.