न लागलेली कॅसेट

ज्याच्या मदतीने काम होतं, त्याचे आभार मानायला डोकं लागत नाही. पेढे न्यावेत, दोन शब्द बोलावेत. पण ज्याने मनापासून खटपट केली आणि काम झालंच नाही, त्याच्यापुढे आपली भाषा अडखळते. आपण म्हणतो, "जाऊ द्या हो, तुमचा काय दोष!" हे मला अलीकडे फार खटकू लागलंय. ही तर माफी झाली. समोरच्याने गुन्हा केला आणि आपण मोठ्या मनाने तो सोडून दिला, असं.

आमच्याकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट होती. मामाने 1980 नंतर कधीतरी, घरात नवा टेपरेकॉर्डर आला तेव्हा भरलेली. आजी गेली, टेपरेकॉर्डर गेला आणि कॅसेट कोकणातल्या घरी लाकडी पेटीत पडून राहिली. ती घेऊन मी तालुक्याच्या गावी टेप-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. आता ते मुख्यतः मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, पण मागच्या फळीवर दोन कॅसेट डेक अजून चालू स्थितीत ठेवलेले आहेत.

काकांनी कॅसेट मशीनमध्ये घातली नाही, हीच मला पहिली कौतुकाची गोष्ट वाटली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. खिडकीतून दिसणाऱ्या फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी पूड होती. बुरशी. अशी फीत तशीच वाजवली तर वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ते ओढताना वरचा तपकिरी थर निघतो, आणि आवाज त्या थरातच असतो. शिवाय बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीत जाते. मग त्यांनी कॅसेटची मागची कड बघितली. तिथे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मामाने ते दोन्ही मोडलेले होते. पण मोडल्यामुळे पडलेल्या खाचांवर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती.

"हे बघा," काका म्हणाले, "चिकटपट्टी लावली म्हणजे कुणीतरी वरून भरलंय. आधीच सांगून ठेवतो. पण पुरी बाजू भरली असेलच असं नाही. बघू."

त्या एका "बघू"मागे किती काम होतं, ते मी नंतर दुकानात बसून पाहिलं. कॅसेट स्क्रूची नव्हती, कवच कडेने वितळवून जोडलेलं होतं. सांध्यावर पातं फिरवून त्यांनी ते उघडलं. आधी फीत घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून सुकवली होती. उन्हात ठेवा असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं, कारण उष्णतेने फीत वाकडी होते. दुसऱ्या एका स्क्रूच्या कॅसेटचं कवच रिकामं करून त्यात आमची फीत बसवली. जुन्या कॅसेटमधली फेल्टची गादी गळून पडली होती. तांब्याच्या पातळ पट्टीवरची ती इवलीशी गादी फितीला हेडवर दाबून धरते. ती नसली की आवाज तोंडात पदराचा बोळा धरून बोलल्यासारखा येतो. फितीचं टोक चाकातून सुटलं होतं. ते त्यांनी खास जोडपट्टीने जोडलं, घरगुती चिकटपट्टीने नाही, कारण तिचा गोंद काही महिन्यांत बाहेर झिरपतो. मग तोंडाला रुमाल बांधून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ कापडाच्या चिमटीतून फीत हाताने, सावकाश, एका चाकावरून दुसऱ्यावर घेतली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ नव्वद मीटर फीत असते.

ती कुठेही तुटली नाही. मग डेक लावला, हेडशेजारचा बारीक स्क्रू कानाने अंदाज घेत फिरवला, आवाज खुलला, आणि स्पीकरमधून आलं रेडिओवरचं सिनेमाचं गाणं.

काकांनी दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. दोन गाण्यांच्या मधल्या जागा पुन्हा पुन्हा ऐकल्या. मध्ये कुणी फीत पुढे पळवली असेल तर तिथे जुनं काही शिल्लक राहतं. डावा-उजवा भाग वेगळा करून पाहिला, कारण पुसणारं हेड जरासं सरकलेलं असेल तर फितीच्या कडेला जुन्या आवाजाची पुसट रेघ उरू शकते. पण रेकॉर्डिंग करताना फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग भरणाऱ्या. ते हेड चांगलं असलं तर खाली काही उरत नाही. आमच्या घरचा टेपरेकॉर्डर दुर्दैवाने उत्तम स्थितीत होता.

पैसे विचारले तर काका म्हणाले, "काम झालं नाही, पैसे कसले?" त्यानंतर बाजारात मी दिसले की ते फुटपाथ बदलू लागले. मदत फसलेला माणूस आपल्याला टाळतो, आणि आपण गप्प राहिलो तर ते गप्प राहणं त्याला दोष दिल्यासारखं लागतं. म्हणून असे आभार लवकर मानायचे असतात. मी उशीर केला नाही, पण काय म्हणावं ते सुचेना. घरच्यांनी तोडगे सुचवले. मावशी म्हणाली, सांग की निदान शंका तरी मिटली. हे खरंही होतं. त्या कॅसेटवरून आमच्याकडे वर्षानुवर्षं वाद होते. पण अपयशाला असं यशाचं झबलं चढवलं की ज्याने ते डोळ्यांनी पाहिलंय त्याला लगेच कळतं. एका भावाने आठवण करून दिली की हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांपासून सुरुवात करून लाखावर ओव्या गोळा केल्यात, आजीच्याही त्यात सापडतील. शब्द सापडतीलही. पण काका शोधत होते तो आवाज, आणि तो गेला होता. त्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

शेवटी दुकानात जाऊन मी फक्त पाहिलेलं सांगितलं. तुम्ही ती लगेच वाजवली नाहीत. चिकटपट्टीचं आधीच सांगितलंत, म्हणून मी खोट्या आशेत राहिले नाही. इतकी वर्षं सडलेली फीत एकदाही तुटली नाही. कडेची रेघसुद्धा शोधलीत, ती मला माहीतही नव्हती. आवाज मिळाला नाही याचं मला वाईट वाटतं, हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर बाकीचं त्यांना खरं वाटलं नसतं.

काका थोडा वेळ हातातल्या मिक्सरचं भांडं पुसत राहिले. मग म्हणाले, "ती कडेची रेघ मी एकदाच मिळवली आहे. दुसऱ्या एकांच्या कॅसेटवर. भजन होतं." आणि ते कसं मिळालं ते सविस्तर सांगू लागले. माझे आभार त्यांना पोहोचले ते तेव्हा, असं मला वाटतं.

पैशांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. प्रयत्नाचे पैसे देऊ केले तर ती भीक वाटेल, न द्यावेत तर त्यांचे तास फुकट. मी म्हटलं, घरी अजून कॅसेटी आहेत, मामाच्या लग्नाची आहे, आजोबांचं कीर्तन आहे. पण या वेळी भाव आधी ठरवू. फीत उघडून स्वच्छ करण्याचे इतके, आवाज मिळाला तर वर इतके. त्यांनी घासाघीस केली, उलट्या दिशेने. मी वर नेत होते, ते खाली आणत होते. शेवटी एका आकड्यावर जमलं, आणि त्यांनी वहीत तारीख टाकून पहिली ओळ लिहिली: जुनी कॅसेट, स्क्रूचं कवच, अल्कोहोल, मजुरी. तिच्यापुढे "आवाज नाही" असं लिहून रक्कम मांडली आणि मला म्हणाले, "द्या."